बहिणीला लिहिलेलं, चौघांनी वाचलेलं

सैनिकाच्या पत्रांतून कथा सांगायची, तर पत्र कुणाच्या नावे हे आधी ठरवावं लागतं. आईला तो खुशालीपलीकडे काही लिहिणार नाही. बायकोच्या नावचं पत्र घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर वाचलं जाणार. बहिणीला मात्र अर्धंच सांगितलं तरी चालतं. उरलेलं ती ओळखते. कथा चालते ती या उरलेल्या अर्ध्यावर.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या भारतीय शिपायांपैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. पत्र लेखनिक लिहून द्यायचा. मग ते पलटणीत तपासलं जाई आणि पुढे सेन्सॉरच्या कचेरीतही उघडलं जाई. म्हणून शिपाई आडून बोलत. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे; काळी मिरी संपत आली, असं लिहिलं की समजणाऱ्याला समजे. सेन्सॉरलाही ते कळलं होतं, हा भाग वेगळा.

आता कथेसाठी एक गढवाली शिपाई घेऊ. लिहिणं येत नसलेला, थोरली बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. तिलाही वाचता येत नाही. गावचा मास्तर वाचून दाखवतो. १९१४च्या हिवाळ्यातल्या पहिल्या पत्रात थंडी, बूट आणि म्हशीची चौकशी. दुसऱ्यात तो विचारतो, ‘दीदी, यंदा काळी मिरी कशी निघाली? इकडे फार लागते आहे.’ त्यांच्या शेतात मिरी होतच नाही. मास्तर वाचून पुढे जातो, ती थबकते.

मार्च १९१५मध्ये न्यूव्ह शापेलची लढाई होते. तिसरं पत्र इंग्लंडमधल्या ब्रायटनहून येतं. तिथला राजवाडा तेव्हा हिंदी जखमींचं इस्पितळ झाला होता. या पत्रात मायना लांबलचक, भाषा फारसी शब्दांनी जड. ‘दीदी’च्या जागी ‘आदरणीय भगिनी’. लेखनिक बदलला आहे. भावाला काय झालं हे पत्रात कुठेच नाही, पण त्याच्या तोंडचे शब्द गेले एवढं तिला कळतं. मला या युक्तीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच: बातमी मजकुरात नाही, लिहिण्याच्या ढंगात आहे.

असली कथा बहुधा एकाच ठिकाणी फसते. ‘आपले वडील दहा वर्षांपूर्वी वारले, तुला ठाऊकच आहे’ असं भाऊ लिहायला लागला, की तो बहिणीशी नव्हे, वाचकाशी बोलतो आहे हे उघडं पडतं. त्यापेक्षा ‘बाबांच्या श्राद्धाला या वेळी कोण बसलं?’ असं विचारू द्यावं. माहितीही मिळते आणि तो घरी नाही हेही.

बहिणीची उत्तरं छापूच नयेत. ‘गाय विकू नकोस म्हटलं होतं ना?’ या एका वाक्यात तिचं अख्खं पत्र मावतं. मात्र टपालाला महिना-दीड महिना लागतो हे लेखकाने विसरू नये. त्याची मनाई पोचेपर्यंत गाय बाजारात गेलेली असते, आणि पुढची दोन पत्रं तो त्याच गाईच्या वैरणीबद्दल लिहीत राहतो.