पैठणी येवल्याची, दुकान कुठलं?

समजा, मोबाइलवर जाहिरात दिसली: ‘अस्सल येवला पैठणी, फक्त १,२९९ रुपये. १९८७ पासून आपल्या सेवेत.’ दुकानाचं नाव कधी कानावर आलेलं नाही. खाली पाच-पाच तारे दिलेले अभिप्राय आहेत, वर कुलपाचं चिन्हही आहे. या दोन्हींवर विसंबू नका. अभिप्राय दुकानदार स्वतःच लिहू शकतो. कुलूप एवढंच सांगतं, की तुमची माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही. ती ज्याच्या हाती पडणार तो ठग असला, तरी कुलूप दिसतंच.

त्यापेक्षा जीएसटी क्रमांक शोधा. तो बहुतेक वेळा पानाच्या अगदी तळाशी असतो. पंधरा अक्षरांतले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. येवल्याचा पत्ता सांगणाऱ्या दुकानाचा क्रमांक ०७ ने सुरू झाला, तर ती नोंदणी दिल्लीची. मग gst.gov.in वर ‘Search Taxpayer’ मध्ये तो टाका. लॉगिन लागत नाही. मालकाचं किंवा कंपनीचं कायदेशीर नाव, दुकानाचं नाव, नोंदणीची तारीख आणि ती चालू आहे की रद्द, हे समोर येतं.

पण ठगही हुशार असतात. दुसऱ्याच्या चालत्या दुकानाचा क्रमांक उचलून ते आपल्या पानावर चिकटवतात. ही चोरी पैसे भरताना पकडता येते. क्यूआर कोड स्कॅन केला, की पिन टाकण्याआधी पैसे घेणाऱ्याचं नाव दिसतं. ते दुकानाच्या पाटीशी जुळलं नाही म्हणून लगेच घाबरू नका. एकट्या मालकाचं दुकान असेल, तर खातं त्याच्या नावावर असू शकतं. मात्र जीएसटीच्या नोंदीतल्या कायदेशीर नावाशीही ते जुळत नसेल, तर पिन टाकू नका.

क्रमांकच नसला तर? वर्षाला ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला नोंदणीतून सूट मिळू शकते, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला चोर ठरवता येत नाही. तेव्हा संकेतस्थळाचं वय बघा. lookup.icann.org वर त्याचा पत्ता टाकला, की ‘Created’ समोर तारीख येते. १९८७ चं दुकान नेटवर उशिरा आलं, हे समजू शकतं. पण संकेतस्थळ तीन आठवड्यांचं आणि अभिप्राय दोन वर्षांपूर्वीचे, हे कसं?

‘कॅश ऑन डिलिव्हरी’चा आधार वाटतो तेवढा भक्कम नाही. कुरिअरवाला बहुधा आधी पैसे घेतो, पार्सल नंतर उघडतं. आत पैठणीऐवजी पॉलिस्टरची साडी निघाली, तर त्याला जाब विचारून उपयोग नसतो. ऑनलाइन पैसे भरून फसलातच, तर १९३० या क्रमांकावर तासाभरात फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.