गुणांमागचे उत्तर

दशांश अपूर्णांक शिकवण्याच्या आदल्या दिवशी दहा मिनिटांची पूर्वचाचणी घ्यावी. तिला गुण नसावेत, कारण ‘किती आले’ यापेक्षा ‘काय समजून बसले आहेत’ हे तिथे पाहायचे असते. शिकणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे हे शोधा आणि त्यानुसार शिकवा, हे डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये मांडले होते.

प्रश्न एकच : मोठी संख्या कोणती? पहिली जोडी ०.६ आणि ०.४५, दुसरी ०.७३ आणि ०.५. काही मुले दशांश चिन्हापुढचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचतात. पंचेचाळीस सहापेक्षा मोठे, म्हणून ती ०.४५ निवडतात, दुसरी जोडी मात्र त्यांची बरोबर येते. काहींना शतांश दशांशापेक्षा लहान एवढेच ठाऊक असते. त्यांची पहिली जोडी बरोबर येते आणि दुसरीत ती ०.५ निवडतात. दोघांनाही दोनपैकी एकच गुण, पण चूक नेमकी उलटी! ०.३ आणि ०.८ अशी समान लांबीची जोडी दिली, तर यातले काहीच दिसत नाही.

एखादे उत्तर अंदाजानेही बरोबर येते; म्हणून प्रत्येक प्रकारच्या तीन जोड्या द्याव्यात आणि चुकांचा कल पाहावा. मग शंभर घरांच्या चौकोनात पहिल्या गटाने सहा पूर्ण स्तंभ आणि पंचेचाळीस घरे रंगवून ताडून पाहावीत. दुसऱ्या गटाने सात स्तंभ व तीन घरे पाच स्तंभांशेजारी ठेवावीत. धडा एकच, पण त्याची सुरुवात दोन ठिकाणांहून होते.