‘मिळस पाव’ शोधताना

खाद्यपदार्थांच्या एखाद्या मराठी संकेतस्थळावर शोधाच्या चौकटीत कुणी घाईघाईत ‘मिळस पाव’ असं टाइप केलं, तर वाचणाऱ्या माणसाला त्याला काय हवं आहे ते लगेच कळतं. संगणकाला कळत नाही. त्याच्याजवळ पानांमधल्या शब्दांची सूची असते आणि ‘मिळस’ त्या सूचीत नसतो, एवढंच त्याला दिसतं. तिथून ‘मिसळ’पर्यंत तो कसा पोहोचतो, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण मराठीत ही वाट इंग्रजीपेक्षा बरीच वेगळी आहे.

पहिला प्रश्न असा, की दोन शब्द एकमेकांच्या किती जवळ आहेत हे मोजायचं कसं? सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमीर लेवेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये यासाठी एक माप दिलं. त्यांच्यासमोर शुद्धलेखन नव्हतं. संदेश पाठवताना त्यातली चिन्हं गळतात किंवा जास्तीची घुसतात, त्यावर ते काम करत होते. माप सोपं आहे. एक चिन्ह गाळणं, एक घालणं किंवा एक बदलणं ही प्रत्येकी एक दुरुस्ती, आणि एका शब्दाचा दुसरा करायला कमीत कमी जितक्या दुरुस्त्या लागतील तितकं त्यांच्यातलं अंतर. त्याच्या एक वर्ष आधी आयबीएममधल्या फ्रेडरिक डॅमेराउ यांनी टंकनातल्या चुका तपासल्या होत्या. ८० टक्क्यांहून जास्त चुका एकाच दुरुस्तीत सुटणाऱ्या निघाल्या. मात्र त्यांनी चौथा प्रकारही धरला होता, तो म्हणजे शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल.

हा चौथा प्रकार आपल्या उदाहरणात निर्णायक ठरतो. संगणकाच्या दृष्टीने ‘मिळस’मध्ये चार चिन्हं आहेत: म, वेलांटी, ळ आणि स. अदलाबदल ही एक दुरुस्ती मानली तर ‘मिसळ’ एका अंतरावर येतो. नाही मानली तर दोन अंतरांवर जातो, आणि मग ‘मिळत’, ‘मिळव’, ‘मिळे’ हे सगळे त्याच्यापेक्षा जवळचे ठरतात, कारण तिथे फक्त शेवटचं चिन्ह बदललं की भागतं. बऱ्याच साध्या यंत्रणा एका अंतरावर काही सापडलं की पुढे बघतच नाहीत. अशा ठिकाणी मिसळीचा विचारही होत नाही.

अंतर मोजता आलं तरी सूचीतल्या लाखो शब्दांशी एकेक करून ते मोजत बसणं परवडत नाही. शोधाचं उत्तर क्षणात यावं लागतं. म्हणून आधी मोजके उमेदवार निवडतात. पीटर नॉर्विग यांनी २००७ मध्ये एक छोटासा प्रोग्रॅम लिहून यातला सरळ मार्ग दाखवला. चुकीच्या शब्दापासून एका दुरुस्तीने होऊ शकणारी सगळी रूपं तयार करायची आणि त्यांतली शब्दसूचीत असतील तेवढीच ठेवायची. इंग्रजीची २६ अक्षरं धरली तर चार अक्षरी शब्दाची अशी २४१ रूपं होतात. देवनागरीत स्वर, व्यंजनं, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त मिळून समजा ६५ चिन्हं धरली, तर ‘मिळस’ची ५९२ होतात. दोन दुरुस्त्यांपर्यंत जायचं तर या प्रत्येकाची पुन्हा शेकडो, म्हणजे आकडा काही लाखांत जातो.

वुल्फ गार्बे यांच्या सिमस्पेल या पद्धतीने हा पसारा फार सुंदर रीतीने आवरला आहे. त्यात फक्त गाळायचं, घालायचं काहीच नाही. ‘मिळस’मधलं एकेक चिन्ह गाळलं की चारच तुकडे उरतात, आणि त्यांत ‘मिळ’ आणि ‘मिस’ असतात. सूचीतल्या प्रत्येक शब्दाचेही असेच तुकडे आधीच करून ठेवलेले असतात. ‘मिसळ’मधून स गाळला की ‘मिळ’ आणि ळ गाळला की ‘मिस’ मिळतो. तुकडे जुळले, उमेदवार सापडला. ‘मिळत’चाही ‘मिळ’ हा तुकडा जुळतो, म्हणून तोही यादीत येतो. तुकडे जुळणं म्हणजे अंतर एकच असणं नव्हे, त्यामुळे जुळलेल्या थोड्या शब्दांचं खरं अंतर शेवटी मोजून घ्यावं लागतं. आगाऊ तुकडे साठवायला जागा जास्त लागते, पण शोध अतिशय वेगाने होतो.

आता उमेदवारांतून निवड. कुठला शब्द जास्त वेळा वापरात येतो, हा पहिला निकष. वर्तमानपत्रांच्या मजकुरावरून मोजलं तर ‘मिळत’ सहज जिंकेल आणि उत्तर चुकेल. म्हणूनच ही मोजणी त्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या मजकुरावरून आणि तिथे लोक जे शोधतात त्यावरून करावी, असं माझं ठाम मत आहे. शाळेतला शब्दकोश इथे फारसा उपयोगी नाही. त्यात गावांची नावं नसतात, आडनावं नसतात, ‘गडहिंग्लजला’सारखी प्रत्यय लागलेली रूपं नसतात, आणि मग यंत्रणा बरोबर शब्दालाच चूक ठरवून बदलते. दुसरा निकष शेजारचा शब्द. पुढे ‘पाव’ आहे म्हटल्यावर ‘मिळत’चं पारडं हलकं होतं आणि ‘मिसळ’ वर येते.

मराठीची खरी अडचण मात्र मोजमापातच आहे. ‘क्षेत्र’ ऐवजी कुणी ‘शेत्र’ लिहिलं तर आपल्या लेखी एक अक्षर चुकलं. संगणकाकडे ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं असतात, म्हणून अंतर तीन होतं. बहुतेक शोधयंत्रणा दोनच्या पुढे जात नाहीत, त्यामुळे ‘क्षेत्र’ उमेदवारांत येतच नाही. उलट ‘कोल्हापुर’ आणि ‘कोल्हापूर’ यांत अंतर एक आहे, पण ऱ्हस्व-दीर्घाची चूक इतकी नेहमीची, की तिला पूर्ण एक मोजणंही योग्य नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर दीर्घ उकाराची कळ ऱ्हस्वाच्या लगेच वर असते, म्हणजे नियम माहीत असलेल्याचंही बोट चुकू शकतं. अशा जोड्यांना कमी वजन द्यावं, आणि क्ष-श सारखा बदल ही एकच दुरुस्ती मानावी.

याहून फसवी गोष्ट ‘दुसऱ्या’ या शब्दात आहे. त्यातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: कधी ऱ या स्वतंत्र चिन्हाने, कधी साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, आणि संगणकाला त्यांच्यात दोनचं अंतर दिसतं. काही चूक नसताना शोध रिकामा येतो, आणि वाचणाऱ्याला कारण शोधूनही सापडत नाही. यावर उपाय एकच, अंतर मोजण्याआधी सगळा मजकूर आणि शोधशब्द एकाच साठवणीत आणणं.

आणि ‘दिन’ लिहायचं असताना ‘दीन’ लिहिलं गेलं, तर ही सगळी यंत्रणा जागीच राहते. दोन्ही शब्द सूचीत असल्याने दुरुस्तीचं कारणच तिला दिसत नाही. तिथे शेजारच्या शब्दांवाचून मार्ग नाही.

म्हणून शोधयंत्रणेने शब्द गुपचूप बदलू नये. तिने काय गृहीत धरलं ते सांगावं आणि मूळ शब्दानेच शोधायची सोय ठेवावी. ‘याऐवजी शोधा’ अशी ओळ दिसली तर वाचकांनी ती टाळू नये. सूचना बरोबर असेल तर ती निवडावी, चूक असेल तर आपलाच शब्द पुन्हा निवडावा. अनेक यंत्रणा या निवडींची नोंद ठेवतात आणि पुढच्या वेळी उमेदवारांचा क्रम त्यावरून लावतात.