दोन घड्या, सहा बाजू

समजा, कोकणातल्या एका होमस्टेची हजार माहितीपत्रकं छापून आली. गठ्ठा सोडला, तर वर घराचा फोटो नाही, नाव नाही. दिसतो तो रस्त्याचा नकाशा आणि फोन नंबर. घराचं नाव आत दुमडून गेलेलं. छपाई स्वच्छ आहे, रंगही नेमके आहेत. चूक झाली ती कॉम्प्युटरवर मजकूर मांडताना: पडद्यावर डावीकडून वाचतात, म्हणून मुखपृष्ठही डावीकडेच ठेवलं गेलं.

ट्रायफोल्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पत्रकाला घड्या दोनच असतात. त्यांतून तीन पॅनेल होतात आणि दोन्ही बाजू धरून सहा. नेहमीच्या पद्धतीत ए-फोर कागद आडवा धरतात, आतल्या बाजूचं उजवं पॅनेल आधी आत दुमडतात आणि डावं त्याच्यावर आणतात. आता घडी न उलगडता पत्रक हातात धरून पाहावं. समोर दिसणारं मुखपृष्ठ हे डाव्या पॅनेलची पाठ आहे. कागद उलटला की डावं ते उजवं होतं, म्हणून बाहेरच्या बाजूची फाइल करताना मुखपृष्ठ अगदी उजवीकडे येतं. मध्ये येते मागची बाजू, म्हणजे नकाशा आणि संपर्काची. डावीकडे येते आत दुमडली जाणारी झडप.

या झडपेकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं. वाचक मुखपृष्ठ उघडतो तेव्हा त्याला आतली तिन्ही पॅनेल एकदम दिसत नाहीत. डावीकडे आतलं पहिलं पॅनेल दिसतं आणि उजवीकडे झडपेची बाहेरची बाजू. झडप उघडल्यावरच उरलेली दोन पॅनेल समोर येतात, आणि पहिलं पॅनेल तिथेच असतं. म्हणजे पहिल्या पॅनेलला दोनदा शेजार बदलून उभं राहावं लागतं. होमस्टेच्या पत्रकात पहिल्या पॅनेलवर घराची ओळख द्यावी आणि झडपेवर जेवणाबद्दल चार ओळी व एक फोटो, जे स्वतंत्रपणे वाचता येईल. खोल्या आणि दर आतल्या मधल्या व उजव्या पॅनेलवर जावेत. झडपेवर अर्धवट वाक्य ठेवून ते आत पुरं करण्याचा मोह टाळावा; झडप उघडताच ते वाक्य वाचकाच्या नजरेसमोरून मागे जातं.

आता मापं. ए-फोरची लांबी २९७ मिलिमीटर. तिचे सरळ तीन भाग केले तर प्रत्येकी ९९ येतात आणि हिशेब चोख वाटतो. पण आत जाणाऱ्या पॅनेलची कड समोरच्या घडीला जाऊन टेकते. कागदाला जाडी असते, त्यामुळे ती कड अडते, झडप फुगते आणि पत्रक सपाट बसत नाही. म्हणून झडप दोन-तीन मिलिमीटरने अरुंद ठेवतात: १००, १०० आणि ९७.

इथेच बहुतेकांची गफलत होते. आतल्या बाजूला डावीकडून क्रम १००, १००, ९७ असा येतो; बाहेरच्या बाजूला झडप डावीकडे गेल्यामुळे ९७, १००, १००. म्हणजे आतल्या पानावर घडीच्या रेषा १०० आणि २०० वर, तर बाहेरच्या पानावर ९७ आणि १९७ वर. एका पानाच्या गाइड तशाच दुसऱ्यावर चिकटवल्या, तर एका बाजूचे रंग घडीवरून तीन मिलिमीटर पुढे किंवा मागे सरकतात. गडद हिरव्या मुखपृष्ठाच्या कडेला पांढरी चीर दिसली, किंवा शेजारच्या पॅनेलवर हिरवी पट्टी डोकावली, तर कारण बहुधा हेच असतं. मशीनवरही घडी थोडीफार इकडेतिकडे होतेच. म्हणून शेजारच्या दोन पॅनेलचे रंग अगदी भिन्न नसले तर बरं.

मजकूर घडीपासून निदान सहा-सात मिलिमीटर दूर ठेवावा. सात धरले, तर १०० मिलिमीटरच्या पॅनेलमध्ये ८६ हाती उरतात आणि झडपेत ८३. दरांचा तक्ता घडीवरून कधीच नेऊ नये. आकडाच घडीत सापडतो. समुद्राचा फोटो घडीवरून नेला तरी चालतो, माणसाचा चेहरा मात्र नाही. कागद जाड असेल, तर छापखान्यात आधी क्रीजिंग करून घ्यावं, नाहीतर गडद रंग घडीवर तडकतो.

इंग्रजी झेडसारखी घडी घालायची असेल, तर कुठलंच पॅनेल आत जात नाही, तिन्ही ९९ चालतात.

छपाईला होकार देण्याआधी दोन्ही पानं घरच्या प्रिंटरवर पाठपोट काढा. पान आडवं असल्यामुळे प्रिंटरला आखूड कडेवरून उलटायला सांगा, नाहीतर आतली बाजू उलटी छापली जाईल. मग कागद रेषांवर दुमडा आणि या कामाची काहीच माहिती नसलेल्या माणसाच्या हातात द्या. तो कुठलं पॅनेल आधी उघडतो आणि काय वाचतो, ते पाहूनच फाइल छापखान्यात पाठवा.