तीन 1005 आणि एक टोनर

ऑनलाइन दुकानात ‘1005 टोनर’ असं टाइप करून समोर आलं ते मागवायचं, ही चूक मी केलेली आहे. खोकं आलं, पण कार्ट्रिज प्रिंटरच्या खाचेतच बसेना. कारण एचपीचे 1005 आकड्याचे प्रिंटर एकापेक्षा जास्त आहेत. सर्वांत जुन्या लेझरजेट 1005 ला 15A लागतं, P1005 ला 35A लागतं आणि टायपिंगच्या, झेरॉक्सच्या दुकानांतून घरोघर पोचलेल्या M1005 ला 12A. यातलं एकाचं दुसऱ्यात चालत नाही. म्हणून विक्रेत्याने जाहिरातीत मॉडेलचं नाव पुढच्या अक्षरासकट लिहायला हवं आणि सोबत कार्ट्रिजचा पूर्ण क्रमांकही द्यायला हवा. 12A साठी तो Q2612A असा आहे. हेच कार्ट्रिज 1010, 1018, 1020 आणि 1022 लाही चालतं. ‘सर्व लेझरजेटसाठी’ असं लिहिलेलं दिसलं, तर तो माल मागवूच नये.

आता खरा घोळ शब्दांचा. 12A च्या नावाने बाजारात चार प्रकारचा माल मिळतो. एचपी स्वतःच्या नावाने विकते ते ओरिजिनल. दुसऱ्या कंपनीने नव्याने बनवलेलं ते कंपॅटिबल. वापरलेलं कार्ट्रिज उघडून झिजलेले भाग बदललेलं ते रीमॅन्युफॅक्चर्ड. आणि रिकाम्या कार्ट्रिजमध्ये नुसती पावडर भरलेलं ते रिफिल. ‘ओरिजिनलसारखी क्वालिटी’ हे शब्द यांपैकी कशातच बसत नाहीत. वाचणाऱ्याच्या मनात फक्त ‘ओरिजिनल’ राहावं, एवढ्यासाठीच ते लिहिलेले असतात.

दुसऱ्याच्या मालावर एचपीचं नाव लिहायचंच नाही, असं मात्र नाही. आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३० ही मुभा देतं. सुटा भाग कोणत्या यंत्राला बसतो हे सांगायला गरजेचं असेल, तर त्या यंत्राचं नाव घेता येतं. अट एवढीच, की माल त्याच कंपनीचा आहे असा समज होता कामा नये. म्हणजे ‘एचपी M1005 साठी चालणारं’ हे ठीक, पण ‘एचपी 12A टोनर’ असा मथळा देऊन खाली बारीक अक्षरात ‘कंपॅटिबल’ लिहिणं ठीक नाही.

रिफिल वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही. पण काय बदललं ते सांगायला हवं. 12A च्या पोटात फक्त पावडर नसते. ज्यावर अक्षरं उमटतात तो चकचकीत ड्रम, ड्रम पुसणारी वायपर ब्लेड, पावडर पुढे देणारा मॅग्नेटिक रोलर हे सगळं त्यातच असतं आणि ते प्रत्येक फेरीत झिजत जातं. नुसती पावडर भरली, तर कागदावर उभ्या करड्या रेघा उमटायला लागतात. ठिपके पडत असतील तर फूटपट्टी घ्या. तोच ठिपका पानावर साधारण साडेसात सेंटिमीटरच्या अंतराने पुन्हा दिसला, तर दोष ड्रमचा आहे, कारण ड्रमचा एक वेढा तेवढाच भरतो. अशा कार्ट्रिजमध्ये पुन्हा पावडर भरून काही उपयोग नाही. ‘रिफिल, ड्रम व वायपर ब्लेड नवीन’ एवढ्या शब्दांत विक्रेता सगळं सांगू शकतो.

पानांच्या आकड्याचंही असंच. ओरिजिनल 12A वर २००० पानं सांगतात, ती आयएसओ १९७५२ या चाचणीची. निरनिराळ्या प्रिंटरवर किमान ९ कार्ट्रिज रिकामी होईपर्यंत एक ठरावीक पान सलग छापतात आणि त्यावरून आकडा काढतात. त्या पानाचा जेमतेम ५ टक्के भागच काळा असतो. आमच्याकडच्या भाडेकरारात अक्षरं दाटीवाटीने बसवलेली असतात. तिथे ८ टक्के काळं धरलं, तर २००० चे १२५० होतात. आधार कार्डाच्या फोटोच्या प्रती काढत बसलात, तर आणखी कमी. म्हणून आकड्याशेजारी ‘ए-४ कागद, ५ टक्के छपाई’ लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्यावर हिशेब मांडता येत नाही. रिफिलवाल्याने तर ओरिजिनलचा २००० उचलून आपल्या मालावर लावूच नये. त्याने किती ग्रॅम पावडर भरली आणि ड्रम कितपत शाबूत आहे, यावर त्याची पानं ठरतात.

ताडून बघणं सोपं आहे. M1005 च्या मेनूतून कॉन्फिगरेशनचं पान छापा, त्यावर आजवर छापलेल्या पानांची एकूण संख्या येते. नवं कार्ट्रिज घातलं त्या दिवशीचा आकडा मी पेन्सिलीने प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवतो. छपाई फिकी पडली की पुन्हा ते पान काढतो आणि वजाबाकी करतो.