मूग रुजायला नेमके काय लागते?

शाळेतला हा प्रयोग अनेकांना आठवत असेल. पट्टीला तीन दाणे बांधायचे आणि ती पाण्याच्या ग्लासात उभी करायची. वरचा दाणा कोरडा, मधला अर्धा पाण्यात, खालचा पूर्ण बुडालेला. मधला रुजतो आणि वहीत लिहिले जाते, ‘पाणी, हवा आणि ऊब आवश्यक.’ पण तिन्ही दाणे एकाच खोलीत होते. उबेची परीक्षा झालीच कुठे? शिवाय त्यातला एखादा दाणा किडका असेल तर?

म्हणून चार ग्लास घ्या आणि प्रत्येकात एकाच पुडीतले २० मूग घाला. पहिल्यात ओल्या कापसावर मूग ठेवून ग्लास खोलीतच ठेवा. हा तुलनेचा ग्लास. बाकीच्यांत याच्यापेक्षा एकच गोष्ट वेगळी हवी. दुसऱ्यात कापूस कोरडा. तिसरा पहिल्यासारखाच, पण फ्रिजमध्ये. फ्रिज बंद केला की आत अंधार होतो, तेव्हा उरलेले ग्लासही अंधाऱ्या कपाटात ठेवा. नाहीतर थंडीचा परिणाम की अंधाराचा, हे कळणार नाही.

चौथा ग्लास हवेचा, आणि खरी कसोटी इथेच आहे. साध्या पाण्यात हवा विरघळलेली असते, तेवढ्यावरही काही दाण्यांना मोड डोकावतात. म्हणून पाणी उकळून झाकून पूर्ण गार करा, मुगावर अलगद ओता आणि वर तेलाचा बोटभर थर द्या. पाणी उंचावरून ओतले तर हवा पुन्हा मिसळते. गरम असताना ओतले तर दाणे मरतात.

तरी शंका उरते: इथे दाणे बुडालेलेही आहेत. मग दोष हवा नसण्याचा की बुडण्याचा? त्यासाठी पाचवा ग्लास मांडा. त्यातही २० मूग बुडवा, पण माशांच्या टाकीचा छोटा पंप लावून पाण्यात सतत हवा सोडा. इथे मूग रुजले आणि तेलाखाली नाहीत, तर उत्तर मिळाले.

दोन दिवसांनी मोजा. फुगलेला दाणा रुजलेला धरू नका. मेलेला दाणाही पाणी पिऊन फुगतो. साल फोडून पांढरे मूळ बाहेर आले तरच रुजला. मग कोरडे मूग भिजवा, फ्रिजमधले खोलीत आणा. आता ते रुजले, तर दाणे जिवंत होते, अडले होते ते पाण्यावाचून आणि उबेवाचून.

निष्कर्ष असा लिहावा: ‘मूग रुजायला पाणी, हवा आणि ऊब तिन्ही लागतात, यांपैकी एक काढून घेतले की बहुतेक दाणे रुजत नाहीत. उजेड लागत नाही.’ ‘हवा’च्या जागी ‘ऑक्सिजन’ लिहू नका, कारण तो वेगळा तपासलेला नाही. ‘मूग’च्या जागी ‘सर्व बिया’ही नको: भाताला हवेवाचून पाण्याखालीही कोंब फुटतो, आणि लेट्यूसच्या अनेक जातींना रुजायला उजेड लागतो.