बाटलीवरचे दहा टक्के आणि त्वचेला मिळणारे किती?

सोने घेताना व्यापारी वजन पाहतो आणि कसही पाहतो. दहा ग्रॅमची वस्तू बावीस कॅरेटची की चौदा कॅरेटची, यावर तिचे मोल ठरते. चेहऱ्यासाठी मिळणाऱ्या सिरम, टोनर आणि क्रीमच्या बाटल्यांवर हल्ली ‘ग्लायकॉलिक ॲसिड १० टक्के’, ‘व्हिटॅमिन सी २० टक्के’ असे आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात. हे आकडे वजनाचे आहेत. कस सांगणारा आकडा निराळा असून तो बहुतेक वेळा बाटलीवर नसतोच. त्या आकड्याचे नाव पीएच. शालेय पुस्तकांत त्यालाच सामू म्हणतात.

पीएच म्हणजे द्रव किती आम्ल किंवा किती अल्कधर्मी आहे याचे माप. सात हा मध्यबिंदू. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग साधारण साडेचार ते साडेपाच, म्हणजे किंचित आम्ल असतो. अंगाच्या साबणाचा फेस नऊ-दहाच्या घरात जातो, तर लिंबाचा रस दोन ते अडीचच्या आसपास असतो. या मापाची एक खोच ध्यानात ठेवावी लागते. इथली प्रत्येक पायरी दहापटींची आहे. चारपेक्षा तीन पीएच असलेला द्रव दहापट अधिक आम्ल असतो. म्हणून ‘साडेतीन काय आणि साडेचार काय, फरक एकाचाच’ असे म्हणणे म्हणजे शंभर आणि हजार सारखे मानणे होय.

उसाच्या रसातही आढळणारे ग्लायकॉलिक आम्ल आणि दुधाचे नाव लाभलेले लॅक्टिक आम्ल ही दोन्ही आम्ले त्वचेवरील मृत पेशींचे परस्परांतील बंध सैल करतात आणि वरचा निस्तेज थर सुटण्यास साहाय्य करतात. (लॅक्टिक आम्लाचे नाव दुधावरून पडले असले, तरी बाजारातील आम्ल प्रामुख्याने वनस्पतिजन्य शर्करा आंबवून तयार होते.) पाण्यात ही आम्ले दोन रूपांत वावरतात. एक रूप मुक्त आम्लाचे. त्याच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे ते त्वचेच्या तेलकट थरात सहज शिरते. दुसरे रूप क्षाराचे. ते भारित असल्याने बाहेरच अडते. मृत पेशी सुटण्याचे काम मुख्यतः मुक्त आम्ल करते. क्षारही निरुपयोगी नसतो, तो त्वचेत ओलावा धरून ठेवतो; परंतु ग्राहक पैसे मोजतो ते त्या कामासाठी नव्हे.

बँकेच्या खात्याची उपमा येथे नेमकी लागू पडते. पासबुकात दहा लाख शिल्लक दिसते, पण त्यातील आठ लाखांवर तारणाचा बोजा असेल, तर खातेदाराला काढता येतात दोनच लाख. बाटलीवरचा टक्का ही पासबुकातली शिल्लक आहे. त्यातील किती रक्कम मोकळी आहे, हे पीएच ठरवतो.

हा हिशेब नेमकेपणाने मांडता येतो. प्रत्येक आम्लाचा एक ठराविक पीएच असतो, ज्यावर त्याचा अर्धा भाग मुक्त आणि अर्धा क्षाररूप असतो. ग्लायकॉलिक आम्लासाठी तो ३.८३ आणि लॅक्टिक आम्लासाठी ३.८६ आहे. समजा, दोन बाटल्यांवर ‘ग्लायकॉलिक ॲसिड १० टक्के’ असे एकसारखे छापले आहे. पहिलीचा पीएच ३.५ असेल, तर तिच्यात सुमारे ६.८ टक्के आम्ल मुक्त राहते. दुसरीचा पीएच ४.५ असेल, तर मुक्त आम्ल उरते पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. हाच पीएच साडेपाचपर्यंत नेला, तर दहा टक्क्यांतले जेमतेम ०.२ टक्के शिल्लक राहते. उलट, ‘५ टक्के’ लिहिलेल्या पण ३.५ पीएचच्या स्वस्त बाटलीत ३.४ टक्के मुक्त आम्ल असते. म्हणजे साडेचार पीएचच्या दहा टक्क्यांवाल्या महाग बाटलीच्या जवळजवळ दुप्पट. हा हिशेब ज्याला ठाऊक नाही, तो ग्राहक मोठा आकडा पाहून लहान माल घेतो.

मग पीएच जितका कमी तितका माल उत्तम, असेही नाही. पाण्यात दहा टक्के ग्लायकॉलिक आम्ल नुसतेच विरघळवले, तर पीएच दोनच्याही खाली जातो आणि चेहरा भाजून निघण्याचा धोका उद्भवतो. अमेरिकेत प्रसाधन-घटकांची छाननी करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने घरगुती वापरासाठी या वर्गातील आम्लांची मर्यादा घातली आहे ती अशी : प्रमाण १० टक्क्यांपर्यंत, पीएच ३.५ वा त्याहून अधिक, आणि जोडीला उन्हापासून संरक्षण. प्रशिक्षित व्यक्तीने अल्पकाळ लावून लगेच धुण्याच्या प्रकारासाठी ही मर्यादा ३० टक्के आणि पीएच ३ अशी आहे. ही आम्ले वापरणाऱ्याची त्वचा उन्हाला अधिक हळवी होते, हा इशारा गांभीर्याने घ्यावा. तीस टक्क्यांची ‘पील’ घरपोच मागवून आरशासमोर अंदाजाने लावणे हा मुळीच शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

आता वेष्टनाकडे वळावे. भारतातील नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणात लिहावे लागतात. एक टक्का वा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. पीएच छापण्याची सक्ती नाही. काही उत्पादक तो स्वेच्छेने, बहुधा ‘३.५ ते ४’ असा पल्ला देऊन छापतात. असे उत्पादक विश्वासाला अधिक पात्र मानावेत. जेथे तो नसतो, तेथे घटकांची यादीच बोलकी करावी लागते.

पहिली खूण जागेची. फेनॉक्सिएथॅनॉल नावाचे परिरक्षक अनेक प्रसाधनांत असते आणि त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. यादीत आम्लाचे नाव त्याच्यानंतर आले असेल, तर ते आम्ल एक टक्का किंवा त्याहून कमीच आहे. समोरच्या बाजूला नाव कितीही मोठे छापलेले असो, माल नावापुरताच. ‘ऊस अर्क’, ‘फळांचा अर्क’ एवढ्यावर भागवणाऱ्या बाटल्यांतही आम्लाचे प्रमाण कळण्याचा मार्ग नसतो.

दुसरी खूण अल्कलीची. पीएच वर आणण्यासाठी सोडियम हायड्रॉक्साइड किंवा ट्रायइथॅनॉलअमाइन घालतात. यादीत ते दिसले म्हणून बिचकू नये. दहा टक्के आम्ल चेहऱ्याला सोसेल असे करायचे, तर अल्कली लागतेच. प्रश्न असतो तो किती, हा. शंभर ग्रॅम द्रावणात दहा ग्रॅम ग्लायकॉलिक आम्ल असेल, तर पीएच ३.५ करण्यास साधारण १.७ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड पुरते, आणि ४.५ करण्यास ४.३ ग्रॅमच्या आसपास लागते. म्हणून अल्कलीचे नाव आम्लाच्या लगोलग वरच्या ओळीत दिसले, तर बरीचशी शिल्लक बोजाखाली गेली असे समजावे. आम्लाच्या जागी ‘अमोनियम ग्लायकोलेट’ किंवा ‘सोडियम लॅक्टेट’ लिहिले असेल, तर ते क्षारच होत. दाट, पारदर्शक जेलमध्ये ‘कार्बोमर’ दिसले तर आणखी एक शंका घ्यावी. हा घटक साधारणपणे पीएच पाच-सहाच्या पुढेच नीट घट्ट होतो. त्याऐवजी झँथन गम असेल, तर तो आम्ल वातावरणातही टिकतो.

व्हिटॅमिन सीची गोष्ट याच तत्त्वावर चालते, मात्र तेथे नावांचा घोळ अधिक आहे. मूळ व्हिटॅमिन सी म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ते डुकराच्या त्वचेवर लावून पाहिले. ते त्वचेत शिरण्यासाठी पीएच ३.५ च्या खाली असावा लागतो आणि २० टक्क्यांपुढे प्रमाण वाढवून लाभ होत नाही, असे त्यांना आढळले. कमी पीएचचा दुसरा लाभ टिकाऊपणाचा; पाण्यात हे जीवनसत्त्व हवेशी संयोग पावून लवकर नासते, आणि आम्ल वातावरणात ते जरा जास्त काळ तग धरते. यादीत सोबत व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक ॲसिड असेल, तर तेही या कामास हातभार लावतात.

परंतु ‘व्हिटॅमिन सी’ या नावाखाली त्याची रूपांतरेही विकली जातात आणि त्यांना मूळ आम्लाचा नियम लावता येत नाही. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट आणि मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट ही रूपे सातच्या आसपासच्या पीएचला स्थिर राहतात. त्यांना तीन पीएचमध्ये ठेवणे म्हणजे त्यांचे नुकसान करणे. ती त्वचेला सौम्य वाटतात, पण मूळ आम्लाइतकी आत पोहोचतात असे वरील अभ्यासात मॅग्नेशियमच्या रूपाबाबत दिसले नाही. टेट्राहेक्साइलडेसिल ॲस्कॉर्बेट तेलात विरघळते. ते निव्वळ तेलात असेल, तर तेथे पाणीच नसल्याने पीएच हा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणजेच ‘व्हिटॅमिन सी २० टक्के’ हे वाक्य यादीतील पूर्ण नाव वाचल्याविना अपुरे आहे. यादीत एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड पाण्यानंतर लगेच आले, तरच मोठ्या टक्क्याचा दावा पटण्याजोगा ठरतो.

घरी तपासणी करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात पीएच कागद मिळतो. एक ते चौदा असा सरसकट पल्ला असलेला कागद या कामास स्थूल पडतो. अर्ध्या अंकाचा फरक दाखवणारा, दोन ते पाचच्या दरम्यानचा अरुंद पल्ल्याचा कागद घ्यावा. पाण्यासारख्या टोनर वा सिरमचा एक थेंब ठेवून कागदासोबत दिलेल्या वेळेत रंग जुळवावा. घट्ट क्रीमवर हा कागद बेभरवशाचा आहे, तेलावर निरर्थक, आणि द्रवाला स्वतःचाच गडद रंग असेल तर फसवा. शिवाय तो पीएच सांगतो, आम्लाचे प्रमाण सांगत नाही; लिंबाच्या पाण्यावरही तो छानच रंग दाखवील. फेसवॉशसाठी एवढी यातायात नको, कारण ते मिनिटभरात धुतले जाते.

एल-ॲस्कॉर्बिक आम्लाच्या बाटलीत डोळा हाच कागदापेक्षा चांगला परीक्षक ठरतो. ताजे द्रावण रंगहीन किंवा फिके पिवळसर असते; ते नारिंगी-तपकिरी झाले की मालाचा मोठा भाग नासला. म्हणून सवलतीच्या दरात दोन-तीन बाटल्या भरून ठेवण्यापूर्वी उत्पादनाची तारीख पाहावी, गडद काचेची आणि घट्ट झाकणाची लहान बाटली घ्यावी, आणि उघडल्यावर उन्हापासून व उष्णतेपासून दूर ठेवावी.

वेष्टनावरून उलगडा झाला नाही, तर उत्पादकाच्या ग्राहक सेवेला सरळ पत्र लिहावे आणि दोन प्रश्न विचारावेत : तयार मालाचा पीएच कोणत्या पल्ल्यात राखला जातो, आणि छापलेला टक्का शुद्ध आम्लाचा आहे की पाण्यात विरघळवलेल्या कच्च्या मालाचा? दुसरा प्रश्न निरर्थक नाही, कारण ग्लायकॉलिक आम्ल कारखान्यांना पुष्कळदा ७० टक्क्यांच्या द्रावणातच पुरवले जाते. त्याचे दहा ग्रॅम घातले, तर शुद्ध आम्ल सातच ग्रॅम जाते. मृत पेशी काढणाऱ्या दहा टक्के आम्लाबाबत ‘आमचा पीएच त्वचेइतकाच, साडेपाच’ असे उत्तर आले, तर वरच्या हिशेबातला ०.२ टक्क्यांचा आकडा त्यापुढे मांडून पाहावा.